गरम हातांचा शॉक: उत्तरायणाच्या दिवशीचं एक प्रकरण आणि उजळणीचा तक्ता

१४ जानेवारीला वडोदऱ्यात अर्धं गाव अगाशीवर असतं. घरात संक्रांतीचा तिळगूळ आणि वर उत्तरायणाचे पतंग, असा आमच्या मराठी घरांचा दुहेरी सण. इमर्जन्सीत काम करणाऱ्यांसाठी मात्र तो मांजाने चिरलेल्या गळ्यांचा आणि अगाशीवरून पडलेल्यांचा दिवस असतो. हे प्रकरण अशाच एका दुपारचं आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि रुग्णालयाचं नाव देत नाही. जीएनएमच्या मुलींना शॉकचे प्रकार शिकवताना मी दरवर्षी हेच प्रकरण घेते, कारण तक्ता पाठ असूनही माणूस कसा निसटू शकतो हे त्यात दिसतं.

दुपारी ३.१० ला २६ वर्षांचा एक तरुण दुसऱ्या मजल्यावरच्या अगाशीवरून मागे सरकता सरकता खाली पडला. पडताना डावी कूस शेजारच्या ओट्याच्या कडेवर आपटली, मग मान आपटली. १०८ ने त्याला फळीवर झोपवून, मानेला कॉलर लावून ३.५० ला आणलं. वजन अंदाजे ६० किलो. शुद्ध पूर्ण होती, बोलत होता. खांदे उचलत होता, कोपर वाकवत होता, मनगट जेमतेम वर येत होतं. बोटं आणि पाय अजिबात हलत नव्हते. छातीच्या वरच्या भागाखाली टोचलेलं कळत नव्हतं. श्वास छातीने नव्हे, पोटाने चालला होता: मिनिटाला २४.

बीपी ८२/४४, नाडी ५४, तापमान ३६.१, ऑक्सिजन ९५ टक्के.

हात गरम होते, कोरडे होते, तळवे गुलाबी होते. त्याची आत्या सोबत आली होती. तिनं त्याचा पंजा धरला आणि मला विचारलं, "सिस्टर, हात तर छान गरम आहेत. मग सगळे इतके घाबरलेले का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गार घामेजलेला हात आणि धावती नाडी, हे आपल्या डोक्यातलं शॉकचं चित्र. इथे दोन्ही नव्हतं. मी तिला एवढंच सांगितलं, की मानेतल्या मज्जारज्जूला मार बसलाय, त्यामुळे शरीरातल्या रक्तनळ्यांना आवळून धरणारा दोर सुटलाय. नळ्या सैल पडल्या, रक्त त्यांत पसरून बसलं, म्हणून हात गरम आणि दाब कमी.

विद्यार्थिनींसाठी हेच थोडं पुढे नेते. रक्तनळ्यांना आवळणाऱ्या आणि हृदयाला पळवणाऱ्या सिंपथेटिक नसा छातीच्या पहिल्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतच्या मज्जारज्जूतून बाहेर पडतात. मार मानेत बसला, की मेंदूचा हुकूम त्या सगळ्यांच्या वरच अडतो. हृदयाला आवरणारी व्हेगस नस मात्र मणक्यातून जातच नाही, ती थेट मेंदूच्या बुडातून येते आणि शाबूत राहते. म्हणजे लगाम तसाच, चाबूक गेला. म्हणून नाडी हळू. दाब पडला की हृदय धावून भरपाई करतं, ती भरपाईच इथे बंद झालेली असते.

स्पायनल शॉक आणि न्यूरोजेनिक शॉक या दोन शब्दांत परीक्षेत हमखास गोंधळ होतो. स्पायनल शॉक म्हणजे इजेच्या खाली रिफ्लेक्स आणि स्नायूंचा ताण काही काळ नाहीसा होणं. न्यूरोजेनिक शॉक म्हणजे रक्ताभिसरण कोसळणं. दोन्ही एकाच रुग्णात असू शकतात, पण बीपीचा संबंध दुसऱ्याशी.

तर त्या दुपारी निदान लवकर झालं: मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्याशी इजा, न्यूरोजेनिक शॉक. ४.०५ ला पोटाची फास्ट सोनोग्राफी झाली, पोटात पाणी दिसलं नाही. एक लिटर कोमट रिंगर लॅक्टेट दिलं, बीपी ९०/४८ वर आलं आणि तिथेच थांबलं. नळ्या सैल असताना नुसतं पाणी भरत राहिलं तर ते फुफ्फुसात साचतं, म्हणून मोठ्या शिरेतून नॉरॲड्रेनलिनचा पंप सुरू केला. मज्जारज्जूला रक्त मिळत राहावं म्हणून सरासरी दाब ८५ च्या आसपास न्यायचा होता. कॅथेटर टाकला. डोकं आणि मान यांचा सीटी झाला, त्यात मणका सरकलेला दिसला. पोटाचा सीटी राहिला. कारण केस पेपरवर लिहिलेलं होतं: पोट मऊ, दुखत नाही, फास्ट स्वच्छ. ते वाक्य वाचून मीही मान डोलावली होती.

छातीखाली संवेदनाच नसलेल्या माणसाचं पोट दुखणार कसं? पोट कडक व्हायलाही शाबूत रिफ्लेक्स लागतो. म्हणजे त्या वाक्यातल्या पहिल्या दोन गोष्टींना पुराव्याची किंमत नव्हती. उरली फक्त फास्ट, आणि ती पडल्यानंतर ५५ मिनिटांनी केलेली. हळू झिरपणारं रक्त तेवढ्या वेळात पडद्यावर दिसेल इतकं साठेलच असं नाही.

आयसीयूत ५ वाजता मी त्याला घेतलं. सोबत तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती, तिच्याकडे चार्ट दिला. नॉरॲड ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिलीग्रॅम असं भरलेलं होतं. पुढच्या दीड तासाची नोंद अशी:

| वेळ | नाडी | बीपी | सरासरी दाब | नॉरॲडचा पंप, तासाला मिली | लघवी |
|---|---|---|---|---|---|
| ५.०० | ५६ | १०८/६८ | ८१ | ४.५ | मागच्या तासात ४० मिली |
| ५.३० | ६० | १०६/७० | ८२ | ६.३ | – |
| ६.०० | ६८ | १०२/७२ | ८२ | ९ | मागच्या तासात २२ मिली |
| ६.३० | ७८ | ९६/७२ | ८० | १२.६ | अर्ध्या तासात ४ मिली |

सरासरी दाबाचा रकाना पाहा. ८१, ८२, ८२, ८०. मॉनिटर अगदी शांत होता, एकदाही वाजला नाही. दाब जरा उतरला की आम्ही पंप थोडा वाढवत होतो, दाब पुन्हा जागेवर येत होता, आणि प्रत्येक वेळी काम झाल्यासारखं वाटत होतं.

६.३० ला ती मुलगी म्हणाली, "मॅडम, प्रेशर तेच आहे, पण आपण पंप जवळजवळ तिप्पट केलाय. असं चालतं का?"

नाही चालत. मणक्याची इजा दीड तासात तिप्पट होत नाही. न्यूरोजेनिक शॉकमध्ये औषधाचा एक डोस सापडला की तो साधारण तिथे टिकतो. डोस चढत जातोय आणि दाब जेमतेम तेवढाच राहतोय, म्हणजे नळ्यांमधलं रक्तच कमी होत चाललंय. मग बाकीचे रकाने एकदम बोलायला लागले. वरचा आणि खालचा दाब यांतलं अंतर ४० वरून २४ वर आलं होतं. नॉरॲडने खालचा दाब चढतो हे खरं, पण इथे वरचा उतरत होता. लघवी किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे त्याच्यासाठी ३० मिली, यायला हवी होती, ती थांबल्यात जमा होती. आणि नाडी ७८! कुठल्याही वॉर्डात ७८ ला कुणी वळून पाहणार नाही. पण या माणसाकडे चाबूक नाही. व्हेगसचा लगाम ढिला करूनच त्याचं हृदय जितकं वाढू शकतं तितकं वाढत होतं. नॉरॲडचाही त्यात थोडा हात असेल. तरी ५४ चं ७८ होणं म्हणजे त्याच्यापुरती ती धावती नाडीच.

शॉक इंडेक्स, म्हणजे नाडी भागिले वरचा दाब, ही आपल्या हाताशी असणारी चांगली फूटपट्टी आहे. ०.९ च्या पुढे गेला की रक्तस्रावाचा संशय घ्यायचा. दाखल होताना त्याचा आकडा होता ५४ भागिले ८२, म्हणजे ०.६६. चक्क नॉर्मल. नाडी वाढूच शकत नसेल तर ही फूटपट्टी मोडलेली असते. हृदयविकारासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्या आजोबांमध्येही नेमकं हेच होतं.

हाताचं काय? ६.३० ला बोटं आधीइतकी गरम नव्हती. पण नॉरॲड स्वतःच बोटं गार करतं, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येईना.

सगळ्यात मोठी खूण तर तोंडी मिळाली होती आणि आमच्या कानावरून गेली होती. ५.४० च्या सुमारास तो म्हणाला होता, "सिस्टर, डावा खांदा दुखतोय." पडलाय, दुखणारच, असं म्हणून मी उशीचा टेकू नीट केला. खांद्याला ना सूज होती, ना खरचटलेलं. डायाफ्रामखाली रक्त साठलं की डायाफ्रामची फ्रेनिक नस चाळवली जाते, आणि ती मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून येते, तिथेच खांद्याच्या त्वचेच्या नसाही येतात. म्हणून दुखणं पोटातलं आणि जाणवतं खांद्याला. त्याची इजा या पातळीच्या खाली होती. ज्या पोटाची कुठलीच बातमी मेंदूपर्यंत पोचत नव्हती, त्याची एवढी एकच तार शाबूत होती. मणक्याची इजा आणि मार नसताना दुखणारा खांदा, हे दोन एकत्र दिसले की पोटाकडे वळायचं.

६.३५ ला सर्जनना फोन केला. मी "बीपी कमी आहे" असं म्हटलं नाही, कारण ते कमी नव्हतं. "नॉरॲड ४.५ वरून १२.६, लघवी बंद, डाव्या खांद्यात दुखतंय, फास्ट परत हवी" असं सांगितलं. ६.४५ ला प्लीहा आणि डाव्या मूत्रपिंडाच्या मध्ये काळी पट्टी स्पष्ट दिसली. हिमोग्लोबिन १३.४ चं ९.६ झालं होतं, लॅक्टेट २.१ चं ४.६. डाव्या बाजूची नववी आणि दहावी बरगडी मोडलेली होती, तीही त्याला दुखली नव्हती.

यापुढचं वेगाने झालं. क्रॉसमॅच केलेलं रक्त गरम करून सुरू, सोबत प्लाझ्मा, कॅल्शियम, आणि थेट ओटी. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड मात्र देता आलं नाही. ते इजेनंतर तीन तासांच्या आत सुरू करायचं असतं: दहा मिनिटांत १ ग्रॅम, मग आठ तासांत १ ग्रॅम. तीन तासांनंतर ते फायद्याऐवजी अपाय करू शकतं. तो ३.१० ला पडला होता आणि घड्याळात पावणेसात झाले होते. पस्तीस मिनिटांनी ती वेळ हुकली, याची मला आजही टोचणी आहे.

आणखी एक पेच होता. एरवी पोटात रक्तस्राव चालू असेल तर तो थांबेपर्यंत दाब जरा कमीच ठेवतात, जास्त दाबाने गुठळी निसटू नये म्हणून. पण मज्जारज्जूला मार असेल तर कमी दाब परवडत नाही, आधीच दुखावलेल्या भागाला रक्त तुटतं. म्हणजे दोन शॉकच्या दोन परस्परविरोधी मागण्या. उत्तर एकच: नळ्या आवळून आकडा राखण्याऐवजी रक्त भरा आणि स्राव लवकर थांबवा. पोटात जवळपास दीड लिटर रक्त निघालं, प्लीहा काढावी लागली. रात्री ९.३० ला तो परत आला तेव्हा सरासरी दाब ८६ होता आणि पंप ३.६ वर.

आता तक्ता. उजळणीला बसताना आधी "काय बिघडलं" हा रकाना वाचायचा. रक्त कमी, पंप कमजोर, नळ्या सैल की वाट अडलेली, एवढं ओळखलं की पुढचे बाण पाठ करावे लागत नाहीत, आपोआप येतात.

| शॉक | काय बिघडलं | हृदयाकडे परतणारं रक्त, मानेच्या शिरा | हृदयाचं आउटपुट | नळ्यांचा आवळ | त्वचा आणि नाडी | नर्सचं पहिलं काम |
|---|---|---|---|---|---|---|
| हायपोव्होलेमिक | रक्त किंवा पाणी कमी | कमी, शिरा चपट्या | कमी | वाढलेला | गार, घामेजलेली; नाडी जलद, बारीक | स्राव दाबून धरणं, दोन जाड कॅन्युला, कोमट द्रव आणि रक्त, तासागणिक लघवी |
| कार्डिओजेनिक | पंप कमजोर | साचलेलं, शिरा फुगलेल्या | कमी | वाढलेला | गार, घामेजलेली. नाडी बहुधा जलद | ईसीजी, ऑक्सिजन. धाप असेल तर डोकं वर. सलाईन धडाधड नाही |
| सेप्टिक | नळ्या सैल आणि गळक्या | कमी | आधी वाढलेलं, पुढे कमी | घटलेला | आधी गरम, मग गार. नाडी जलद | कल्चर घेऊन तासाभरात अँटिबायोटिक, किलोमागे ३० मिली द्रव, लॅक्टेट |
| ॲनाफायलॅक्टिक | नळ्या अचानक सैल, श्वासनळी आवळलेली | कमी | घटत जातं | घटलेला | लाल, गांध्या. नाडी जलद, श्वासाला शिट्टी | मोठ्या माणसाला मांडीत ०.५ मिलीग्रॅम ॲड्रेनलिन, गरज पडल्यास ५ मिनिटांनी पुन्हा. झोपवून ठेवणं |
| न्यूरोजेनिक | नळ्यांचा हुकूम तुटलेला | कमी | कमी | घटलेला | गरम, कोरडी. नाडी हळू | मान स्थिर, सपाट झोपवणं, श्वासावर नजर, ॲट्रोपिन हाताशी |
| ऑब्स्ट्रक्टिव्ह | वाट अडलेली: छातीत कोंडलेली हवा, हृदयाभोवती पाणी, फुफ्फुसात गुठळी | अडलेलं, शिरा फुगलेल्या | कमी | वाढलेला | गार, नाडी जलद | कारण ओळखून तत्काळ कळवणं, सुई किंवा नळीची तयारी |

दोन ठिकाणी मुली अडखळतात, तेवढंच सांगते. कार्डिओजेनिक आणि ऑब्स्ट्रक्टिव्ह दोन्हींत मानेच्या शिरा फुगतात. पण ऑब्स्ट्रक्टिव्हमध्ये हृदय मुळात धडधाकट असू शकतं, त्याला रक्त मिळत नाही किंवा ढकलायला वाट नाही. आणि सैल नळ्यांचे तीन शॉक गरम हातांनी सुरू होत असले तरी त्यांतल्या एकाचीच नाडी हळू असते.

न्यूरोजेनिकच्या ओळीत एका कप्प्यात न मावलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. या रुग्णाला सक्शन करताना व्हेगस चाळवला जातो आणि नाडी अचानक ३० वर येऊ शकते, म्हणून आधी शंभर टक्के ऑक्सिजन, सक्शन थोडा वेळ, आणि ॲट्रोपिन भरून ठेवलेलं. श्वास एकट्या डायाफ्रामवर चाललेला असतो, त्यामुळे बसवल्यावर तो सुधारण्याऐवजी बिघडतो. सपाट झोपवलेलाच बरा. त्वचेच्या नळ्या सैल असल्याने शरीराची ऊब निघून जाते आणि कापरंही भरत नाही. आमच्या रुग्णाचं तापमान सहा वाजेपर्यंत ३५.४ झालं होतं, आणि गार रक्त नीट गोठत नाही, म्हणजे पोटातल्या स्रावाला त्याचीही मदत. गरम हवेचं पांघरूण घातलं. आत्यानं घरून गरम पाण्याची पिशवी आणली होती, ती मी हात जोडून परत पाठवली. ज्याला चटका कळत नाही त्याच्या पायाशी ती ठेवायची नसते.

त्या दिवसानंतर आमच्या आयसीयूच्या चार्टवर सरासरी दाबाच्या शेजारी, त्याच ओळीत, पंपाचा वेग लिहायला सुरुवात केली. आधी तो मागच्या पानावर औषधांच्या नोंदीत असायचा आणि पान उलटल्याशिवाय दोन आकडे एकत्र दिसत नसत. त्या मुलीनं आकडे स्वतःच्या वहीत शेजारी शेजारी उतरवले होते, म्हणून तिला दिसलं.

प्लीहा गेल्यामुळे त्याला चौदाव्या दिवशी न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसी दिल्या. ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच यायचं, हे आत्याला लिहून दिलं. मनगट उचलण्याची ताकद हळूहळू वाढली. या पातळीच्या इजेत मनगट वर केलं की बोटं आपोआप आत वळतात आणि त्या पकडीत चमचा धरता येतो. म्हणून त्याची बोटं आणि मनगट एकाच वेळी ताणून सरळ करायचं नाही, अशी चिठ्ठी आम्ही त्याच्या पलंगाच्या डोक्याशी लावली होती. प्रेमापोटी हात चोळून देणाऱ्या नातेवाइकांसाठी ती गुजरातीत आणि मराठीत दोन्ही लिहिलेली होती.